चुनखडीच्या गणितातलं चिन्ह: एका वादाची पार्श्वभूमी

लातूरच्या एका अभ्यासिकेत बारावीच्या दोन मैत्रिणींचा एका गणितावरून वाद झाला. गणित नेहमीचंच होतं. चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. २९८ केल्विनला, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला, ही अभिक्रिया आपणहून घडेल का? ΔG = ΔH − TΔS हे सूत्र दोघींनाही पाठ. त्यात ΔH म्हणजे एन्थाल्पीतला, सोप्या भाषेत अभिक्रियेच्या उष्णतेचा फरक, T म्हणजे तापमान, ΔS म्हणजे एन्ट्रॉपीतला, पदार्थांच्या विस्कळीतपणातला फरक, आणि ΔG म्हणजे मुक्त ऊर्जेतला फरक. ΔG उणे आला तर अभिक्रिया आपणहून घडू शकते, अधिक आला तर नाही. तरीही एकीचं उत्तर अधिक १३०.४ किलोज्यूल आलं आणि दुसरीचं उणे २२६.१.

"अगं, तू ΔH उणे कसा काय धरायलीस?"

"वहीत तसंच आहे की. हे बघ: CaCO₃ = CaO + CO₂ − ४२.६ किलोकॅलरी. मामाच्या बी.एस्सी.च्या वेळची वही आहे ही. मी फक्त ४.१८४ ने गुणून किलोज्यूल केले."

"मग उष्णता बाहेर पडायली म्हण की. तसं असतं तर भट्टीला जळण कशाला लागलं असतं?"

"ते मलाही पटेना झालंय. पण वहीत चूक कशी असेल? मामाला रसायनात पैकीच्या पैकी होते."

वहीत खरोखरच चूक नव्हती. ज्या पद्धतीने ते समीकरण लिहिलं होतं, त्या पद्धतीत उणे ४२.६ चा अर्थ 'एवढी उष्णता बाहेरून द्यावी लागते' असाच होतो. आजच्या पुस्तकात हीच गोष्ट ΔH = +१७८.३ किलोज्यूल प्रति मोल अशी लिहितात. आकडा तोच, चिन्ह उलटं. ही अदलाबदल कुठून आली हे कळल्याशिवाय हा वाद मिटत नाही, आणि ते शिकवायला वर्गात क्वचितच कोणी थांबतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अभिक्रियांची उष्णता मोजण्याचं काम युरोपात जोरात सुरू झालं. मोजणी उष्मामापीत होत असे. अभिक्रियेचं भांडं पाण्यात ठेवायचं आणि पाण्याचं तापमान किती चढलं ते वाचायचं. मोजणाऱ्याचा डोळा पाण्यातल्या तापमापीवर असायचा, त्यामुळे पाण्याला मिळालेली उष्णता अधिक धरणं ओघानेच आलं. कोळसा जळला, पाणी तापलं, तर समीकरणाच्या उजव्या बाजूला राखेशेजारी, वायूशेजारी 'अधिक इतक्या कॅलरी' असं लिहायचं. उष्णता हा जणू अभिक्रियेतून निघालेला आणखी एक पदार्थ. १८५४ मध्ये डेन्मार्कमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने आणि पुढच्या दशकांत फ्रान्समधल्या दुसऱ्याने या मोजमापांवरून एक नियमही मांडला: सर्वांत जास्त उष्णता बाहेर पडेल त्या दिशेनेच अभिक्रिया आपणहून जाते. म्हणजे त्या काळी उष्णतेचं अधिक चिन्ह हेच अभिक्रिया घडण्याचं चिन्ह मानलं जात होतं.

हा नियम टिकला नाही. नवसागर पाण्यात टाकला की आपणहून विरघळतो, आणि पेला हाताला गार लागतो. उष्णता शोषली जाते, तरी क्रिया घडते. १८६५ मध्ये एन्ट्रॉपी ही राशी नावानिशी आली, १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी यांना एका राशीत गुंफलं, १८८२ मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञाने रासायनिक ओढ उष्णतेने नव्हे तर मुक्त ऊर्जेने मोजावी असं ठणकावून सांगितलं. हा भाग पाठ्यपुस्तकांत असतोच.

पाठ्यपुस्तकांत नसतो तो चिन्हाचा निर्णय. मुक्त ऊर्जा ही पदार्थांच्या बाजूने मोजायची राशी आहे: आधी किती होती, नंतर किती राहिली, त्यातला फरक. ΔG चं हे लेखन आणि उष्मामापीतल्या पाण्याच्या बाजूचं अधिक-उणे एका सूत्रात नांदू शकत नव्हतं. म्हणून उष्णताही पदार्थांच्याच बाजूने मोजायची असं ठरत गेलं. बाहेर पडली तर पदार्थांनी गमावली, म्हणून उणे. आत घेतली तर अधिक. १९२३ मध्ये अमेरिकेत निघालेल्या उष्मागतिकीच्या एका ग्रंथाने ही रीत रसायनशास्त्रात रुजवली. त्यातली मुक्त ऊर्जेची कोष्टकं पुढच्या पिढ्यांनी वापरली आणि कोष्टकांबरोबर चिन्हंही पसरली.

माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. तीन राशी एका समीकरणात बसवायच्या तर तिन्हींचा हिशेब एकाच बाजूने व्हायला हवा. पण तो अमलात आला तो मात्र अर्धवट. जुनी समीकरणं मागे घेतली गेली नाहीत. मॉस्कोहून येणारी, कमी किमतीत मिळणारी रसायनाची पुस्तकं आपल्याकडे कितीतरी प्राध्यापकांच्या कपाटात होती, आणि तिकडच्या शालेय परंपरेत 'अधिक Q म्हणजे उष्णता बाहेर' हीच रीत पुढेही चालत राहिली. उष्णतेचं एकक म्हणून ज्यूल वापरावा असं आंतरराष्ट्रीय पातळीवर १९४८ मध्येच ठरलं, तरी कॅलरी पुस्तकांतून जायला आणखी काही दशकं लागली. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ मध्ये. त्यानंतरच्या पहिल्या पिढ्यांच्या वह्या या संधिकाळातल्या आहेत: कॅलरीतल्या, आणि बऱ्याचदा एकाच वहीत दोन्ही रीतींच्या. मामाच्या वहीत पुढच्याच प्रकरणात ΔH आजच्या रीतीने लिहिलेला होता. दोन पानांमध्ये चिन्ह फिरलंय, हे सांगणारी एक ओळही तिथे नव्हती.

याच्याच जोडीला आणखी एक गुंता आजही चालू आहे. बारावीची मुलं उष्मागतिकीचा पहिला नियम, म्हणजे उष्णता आणि काम यांमुळे आतली ऊर्जा U किती बदलते याचा हिशेब, भौतिकशास्त्रात ΔU = Q − W असा शिकतात आणि रसायनशास्त्रात ΔU = q + w असा. भौतिकशास्त्राची रीत वाफेच्या इंजिनाकडून आली. तिथे इंजिनाने केलेलं काम मोलाचं, म्हणून ते अधिक. रसायनशास्त्राने कामही पदार्थांच्या बाजूने मोजायचं ठरवलं. दोन्ही सूत्रं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाच दिवशी दोन तासांना ती शिकणाऱ्या मुलीला फक्त एवढंच कळतं की चिन्हं सरांच्या मर्जीवर असतात. मग ती ΔH चं चिन्हही पाठ करायची गोष्ट समजते. दोष तिचा नाही.

त्या दोघींनी गणित पुन्हा मांडलं. या वेळी वही मिटून त्यांनी कोष्टकातल्या निर्मिती-एन्थाल्पी, म्हणजे मूलद्रव्यांपासून तो तो पदार्थ बनतानाच्या एन्थाल्पी, घेतल्या: चुनखडी −१२०६.९, चुना −६३५.१, कार्बन डायऑक्साइड −३९३.५ किलोज्यूल प्रति मोल. उत्पादितांची बेरीज −१०२८.६, त्यातून −१२०६.९ वजा केले की +१७८.३. इथे चिन्ह कोणाला विचारावं लागत नाही, ते वजाबाकीतूनच निघतं. एन्ट्रॉपीचा फरकही तसाच काढला, तो +१६०.६ ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल आला.

"आता एकशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक तीन वजा दोनशे अठ्ठ्याण्णव गुणिले एकशे साठ..."

"थांब. वरचा आकडा किलोज्यूलमध्ये आहे, हा ज्यूलमध्ये. हजाराने भाग आधी."

हे वेळीच थांबवलं नसतं तर उत्तर उणे ४७,६८० आलं असतं, आणि चिन्ह पुन्हा उलटं पडलं असतं. ही चूक ओळखायला एक अंदाज पुरतो. घन पदार्थातून एक मोल वायू सुटला की एन्ट्रॉपी साधारण दीडशे ज्यूल प्रति केल्विनच्या आसपास वाढते. खोलीच्या तापमानाला TΔS म्हणजे पंचेचाळीस-पन्नास किलोज्यूल. तिथे हजारांतला आकडा दिसला तर एककं तपासायची.

बरोबर मांडणीत TΔS ४७.९ येतं आणि ΔG = १७८.३ − ४७.९ = +१३०.४. चिन्ह अधिक, म्हणजे खोलीच्या तापमानाला चुनखडी फुटणार नाही. याचा पुरावा मराठवाड्याच्या शेतात पडलेला आहे. इथल्या कितीतरी काळ्या रानांत चुनखडीचे खडे निघतात, आणि चुनखडीच्या जमिनीत पिकं पिवळी पडतात ही शेतकऱ्याची जुनी तक्रार. उत्तर उणे असतं तर हे खडे आपोआप फुटून कळीचा चुना झाले असते आणि पहिल्याच पावसात वाफाळून फुलले असते. मे महिन्यातल्या ४३ अंशांनीही काही बिघडत नाही. ३१६ केल्विनला ΔG १२७.६ वर येतो, बस.

चिन्ह बदलतं ते ΔH आणि TΔS बरोबरीत आल्यावर. १७८.३ भागिले ०.१६०६ म्हणजे १११० केल्विन, साधारण ८३७ अंश सेल्सिअस. त्याखाली ΔG अधिक, त्यावर उणे. १२०० केल्विनला तो −१४.४ येतो. ΔH आणि ΔS दोन्ही अधिक असले की तापमानच निकाल लावतं, असं पुस्तकातला तक्ता सांगतो तो याच अर्थाने.

प्रत्यक्ष मोजणीत मात्र चुनखडीतून सुटणाऱ्या वायूचा दाब एक वातावरण होतो, म्हणजे चिन्ह खरोखर बदलतं, ते ९०० अंशांच्या आसपास. हा फरक पडतो कारण २९८ केल्विनचे ΔH आणि ΔS आपण हजार केल्विनच्या पुढेही तेच धरले. तापमान वाढत जाताना दोन्ही थोडे उतरतात. त्यात ΔS ची घट प्रमाणाने जास्त, म्हणून भागाकार वर सरकतो. शालेय गणितात ही सूट चालते, पण ८३७ हा भट्टीचा आकडा म्हणून कोणी सांगू नये.

दुसरी गोष्ट दाबाची. वरचं सगळं गणित कार्बन डायऑक्साइडचा दाब एक वातावरण धरून आहे. भट्टीत वारा खेळता असेल आणि त्या वायूचा दाब पाव वातावरणच असेल, तर आपल्याच ढोबळ आकड्यांनी चिन्ह १०३६ केल्विनला, म्हणजे ७६३ अंशांनाच बदलतं. उलट मोठ्या दगडाच्या गाभ्यात वायू कोंडतो आणि उष्णताही उशिरा पोचते. म्हणून बाहेरून भाजलेल्या दगडाच्या पोटात कच्ची चुनखडी राहते. पाणी टाकलं की वरचा थर तडतडून फुलतो, गाभा तसाच राहतो, आणि त्यावर आम्ल टाकलं तर फसफसतो.