डाव संपला तरी कनेक्शन चालूच राहतं

वानखेडेवर रात्रीचा टी-ट्वेन्टी सामना रंगलेला असतो, आणि विरार लोकलमध्ये दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर धावफलक आपोआप पुढे सरकत असतो. बहुतेक वेळा त्यामागे वेबसॉकेट असतं. नेहमीची वेब विनंती क्षणात उरकते. वेबसॉकेट मात्र लावून ठेवलेल्या फोनसारखं असतं, कोणी बोलत नसलं तरी लाइन चालूच.

हे कनेक्शन साध्या एचटीटीपी विनंतीनेच सुरू होतं. ती लोड बॅलन्सरकडे येते, तो मागच्या सर्व्हरांपैकी एक निवडतो, तो सर्व्हर `101` असं उत्तर देतो आणि लाइन जोडली जाते. पुढे सामना संपेपर्यंत सगळे निरोप त्याच सर्व्हरवरून येतात. म्हणजे लोड बॅलन्सरने निवड केली ती एकदाच.

मग स्टिकी सेशन कशासाठी? त्यात लोड बॅलन्सर ब्राउझरला एक कुकी देतो आणि पुढच्या वेळी त्याच सर्व्हरकडे पाठवतो. उघडं कनेक्शन या कुकीमुळे टिकत नाही, ते मुळातच एका सर्व्हरला बांधलेलं असतं. कुकी कामाला येते ती कनेक्शन तुटून पुन्हा जोडताना. स्टेशनवरचं वायफाय सुटून मोबाइल डेटा लागला की असं होतं. जुना सर्व्हर तुमची माहिती स्वतःच्या मेमरीत धरून बसलेला असतो, म्हणून परत त्याच्याकडेच जाणं सोयीचं. पण तो सर्व्हरच काढून टाकला असेल तर कुकी निरुपयोगी ठरते. लोड बॅलन्सर दुसरा सर्व्हर देतो, आणि त्याला तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नसतं.

आता मध्यंतराचं गणित मांडू. समजा 10 सर्व्हरांवर मिळून 2 लाख लोक जोडलेले आहेत, प्रत्येकावर 20,000. पहिला डाव संपतो. धावा थांबल्या, निरोप थांबले, सीपीयूचा वापर घसरला. गर्दीप्रमाणे सर्व्हर वाढवणारा-घटवणारा ऑटोस्केलर फक्त सीपीयू बघत असेल तर त्याला वाटतं गर्दी ओसरली, आणि तो 4 सर्व्हर काढायला घेतो. प्रत्यक्षात एकही माणूस गेलेला नाही, सगळे दुसऱ्या डावाची वाट बघताहेत.

काढायच्या सर्व्हरला लोड बॅलन्सर नवी कनेक्शनं देणं थांबवतो आणि जुनी संपायला सवड देतो. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये ही सवड मुळात 300 सेकंद असते. साध्या विनंत्यांना ती भरपूर झाली. वेबसॉकेट मात्र आपणहून संपत नाही, त्यामुळे पाच मिनिटं नुसती वाया जातात आणि शेवटी 80,000 कनेक्शनं एकदम तोडली जातात. तितकेच फोन लगेच परत धडका मारतात. उरलेल्या 6 सर्व्हरांपैकी प्रत्येकावर एकाच वेळी 13,000 हून जास्त नव्या जोडण्या, प्रत्येकीसाठी एन्क्रिप्शनची बोलणी, लॉगिनची तपासणी आणि सुरुवातीचा धावफलक. सीपीयू भडकतो आणि काही जोडण्या वाटेतच फसतात. फसलेले फोन पुन्हा प्रयत्न करून आणखी भर घालतात.

आलेखावर हे ओळखता येतं. कनेक्शनांची रेषा उतारासारखी न घसरता पायरीसारखी तुटते, पाठोपाठ सीपीयूचा सुळका दिसतो, आणि ब्राउझरच्या नोंदींत `1006` हा कोड वाढतो. निरोप न घेता लाइन तुटली की ब्राउझर हा कोड नोंदवतो.

उपाय सर्व्हरच्या कोडमध्येच लिहावा लागतो. बंद होण्याची सूचना, म्हणजे `SIGTERM`, आली की त्याने कनेक्शनं थोडी थोडी करून `1001` या कोडने, म्हणजे 'मी जातोय' असं सांगून, सोडायची. 20,000 कनेक्शनं 240 सेकंदांत सोडली तर सेकंदाला सुमारे 83 पडतात. चार सर्व्हर मिळून 333, तेही 6 सर्व्हरांत वाटलेले. एवढं सहज पेलतं. सर्व्हर कुबरनेटीस या व्यवस्थेवर चालत असतील तर मात्र `terminationGracePeriodSeconds`, म्हणजे सूचनेनंतर सक्तीने बंद करण्याआधीची सवड, वाढवायलाच हवं. ते मुळात 30 सेकंद असतं, आणि तेवढ्या वेळात निम्मं काय, पाव कामही होत नाही.

माहितीही सर्व्हरच्या मेमरीतून काढून रेडिससारख्या सामायिक जागी ठेवायची. परत जोडताना फोनने 'मला 14.3 पर्यंतचे चेंडू मिळालेत' एवढं सांगितलं की कोणताही सर्व्हर तिथून पुढचं देऊ शकतो. असं झालं की स्टिकी सेशनची गरजच जवळपास उरत नाही. आणि ऑटोस्केलरला सीपीयूबरोबर कनेक्शनांची संख्याही बघायला लावायची, म्हणजे मध्यंतरात तो फसणार नाही.

एक अडचण तरीही राहते. दुसऱ्या डावात घाईने नवे सर्व्हर जोडले तरी जुनी कनेक्शनं तिकडे सरकत नाहीत. सहा सर्व्हर 33,000 च्या वर लोक घेऊन धापा टाकतात आणि नवे चार जवळजवळ रिकामे बसतात. ती वाटणी सुधारायची तर भरलेल्या सर्व्हरांवरची काही कनेक्शनं मुद्दाम, हळूहळू `1001` देऊन सोडावी लागतात, म्हणजे ते फोन परत येताना नव्या सर्व्हरांवर जाऊ शकतील. इथे मात्र कुकी चालू ठेवली असेल तर ती त्यांना पुन्हा त्याच भरलेल्या सर्व्हरवर नेऊन सोडते.