सीडीआरवरून गर्दीचा तास आणि मिस्ड कॉलचं प्रमाण काढणे

सीडीआर म्हणजे कॉलचं बोलणं नव्हे, तर त्याचा हिशोब: कोणी, कुठे, कधी फोन केला, किती सेकंद चालला आणि उचलला का. Asterisk या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ऑफिस फोन सिस्टीममध्ये यासाठी `calldate`, `src`, `billsec`, `disposition` असे रकाने असतात. एसी-फ्रिज रिपेअरिंगवाल्यासारख्या छोट्या धंद्याला त्यातून दोनच गोष्टी हव्या असतात, कुठल्या तासाला लोड सगळ्यात जास्त आणि त्यात किती गिऱ्हाईकं हातची गेली.

समजा दुकानात दोन फोन आहेत, कॉल आला की दोन्ही वाजतात, आणि सकाळी 10 ते 11 मध्ये 24 कॉल आले, त्यातले 15 उचलले. पण दोन्ही फोन वाजतात म्हणून प्रत्येक कॉलच्या दोन ओळी पडतात, म्हणजे 48, आणि `disposition` मध्ये ANSWERED फक्त 15 वर, त्यामुळे एक्सेलमध्ये नुसत्या ओळी मोजल्या तर मिस्ड 69 टक्के येतात आणि मालक हादरतो! आधी ज्या ओळींचा `linkedid`, म्हणजे एका कॉलच्या सगळ्या ओळींना मिळणारा ओळख क्रमांक, एकच आहे त्या एकत्र करायच्या, त्यातली एकही ANSWERED असेल तर तो कॉल उचलला. आता 9 मिस्ड, म्हणजे 37.5 टक्के. हे 9 पण फक्त 5 नंबरांवरून आलेत, लोक लागत नाही म्हणून परत परत लावतात, आणि त्यातल्या दोघांचा त्याच तासात नंतर लागला. उरले 3. एकूण वेगळे नंबर 18, म्हणजे खरं नुकसान साधारण 17 टक्के, धंद्यासाठी हाच आकडा बघावा. (आपल्याकडे मुद्दाम एक रिंग देऊन कट करणारेही असतात, त्यांना परत फोन केला तर ते गेलेलं गिऱ्हाईक नाही.)

लोड एर्लांगमध्ये मोजतात, डॅनिश गणिती ए. के. एर्लांग यांच्या नावावरून. 15 कॉल सरासरी 4 मिनिटांचे, एकूण 60 मिनिटं बोलणं, म्हणजे एक लाईन तासभर सतत चालू, तर 1 एर्लांग. पण हा झेललेला लोड झाला, हुकलेले 3 जण धरले तर 72 मिनिटं, म्हणजे 1.2. सगळे फोन व्यस्त असल्यामुळे किती कॉल अडतील ते सांगणाऱ्या एर्लांग-बी सूत्रात हे टाकलं की दोन माणसांवर साधारण 25 टक्के कॉल अडतात, तिसरा बसवला की 9 टक्क्यांच्या आसपास. एकाच सोमवारवरून मात्र माणूस ठेवू नये, दोन-तीन आठवड्यांचा तोच तास बघावा, आणि सर्व्हरची वेळ यूटीसीवर असेल तर दहाची गर्दी साडेचारला दिसते तेही तपासावं.

मिस्ड अगदी शून्य दिसत असेल तर संशय घ्यायचा. बहुतेक वेळा "एक दाबा, दोन दाबा" वाला रेकॉर्डेड आवाज कॉल आधी उचलतो, म्हणून सगळंच ANSWERED, मग माणसाच्या एक्स्टेंशनची ओळ वेगळी काढून बघावी लागते. आणि ऑपरेटरकडून घेतलेली चॅनेलंच भरली असतील तर कॉल तिकडूनच परत जातो, आपल्या सीडीआरमध्ये त्याची ओळच पडत नाही, तो आकडा ऑपरेटरकडूनच मागवावा लागतो.