काटेकोर शेती (बेळगाव सीमाभाग)

जमिनीच्या तुकड्यातुकड्यातील फरक मोजून पाणी, खत व औषध देण्याची पद्धत. तिचा आरंभ काही अभ्यासक १९२९ सालच्या इलिनॉयमधील आम्लतेच्या नकाशांपर्यंत मागे नेतात. त्यांत शेताचे चौकोन पाडून चुन्याचे प्रमाण ठरवले होते. मात्र ही संज्ञा १९८०च्या दशकाच्या अखेरीस, उपग्रहाधारित स्थाननिश्चितीबरोबर रूढ झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यातील उसाला मुख्यतः ओलावामापकाचा उपयोग संभवतो. साधा टेन्शिओमीटर म्हणजे पाण्याने भरलेली नळी, टोकाला सच्छिद्र चिनी मातीची वाटी, वर तबकडी. माती सुकते तशी ती पाणी ओढते व काटा चढतो. सुमारे ८० किलोपास्कलनंतर नळीत हवा शिरते आणि काटा शून्याकडे घसरतो. कोरड्या रानात ‘ओल भरपूर’ असे दिसते ते यामुळेच. मूठभर माती दाबून वाफसा पाहिला की फसवणूक उघड होते. विजेवर चालणाऱ्या सेन्सरची अडचण वेगळी : काळी जमीन भेगाळली की कांडीभोवती पोकळी पडते व आकडा खोटाच कोरडा येतो. क्षारपड रानात तो उलट फुगतो.

फायद्याचा हिशोब इथे एका गोष्टीवर अडतो. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत असल्याने वाचलेल्या पाण्याचे बिल कमी होत नाही. म्हणून खर्च वाढीव उत्पन्नातूनच निघावा लागतो. समजा, सेन्सर संच ३०,००० रुपयांचा, टिकला ५ वर्षे, वर देखभाल वर्षाला २,००० रुपये. म्हणजे वर्षाला ८,००० रुपये. उसाला हाती टनामागे ३,००० रुपये पडत असतील, तर सुमारे २.७ टन जास्त ऊस हवा. दोन एकरांत ही वाढ एकरी १.३ टन, म्हणजे ४० टनांच्या सरासरीवर तीन-साडेतीन टक्के, शक्य कोटीतील. २० गुंठ्यांत मात्र तीच एकरी ५ टनांच्या पुढे जाते, आणि तेवढी नुसत्या पाण्याच्या वेळापत्रकाने मिळणे अवघड. उन्हाळ्यात बोअर आटते तिथे गणित पालटते : वाचलेल्या पाण्यावर आणखी काही गुंठे खोडवा तगतो. पाटाच्या पाळीवर असलेल्याला आकडा कळूनही पाणी हाती नसते. थ्री फेज रात्रीच येत असेल तर पंपवाल्याचीही तीच गत.

ड्रोन विकत घेणे लहान शेतकऱ्याला क्वचितच परवडते. भाड्याने एकरी दराने फवारणी हाच व्यवहार्य मार्ग. उंच उसात पाठीवरचा पंप घेऊन शिरता येत नाही, तेव्हा ड्रोनचा उपयोग होतो. मात्र लोकरी मावा पानाच्या खालच्या अंगाला असतो आणि वरून पडणारे औषध तिथे कमी पोचते.