स्वरयंत्र काढल्यानंतरचा आवाज : एका झडपेची पार्श्वभूमी

कर्करोगामुळे संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नामध्ये केली. रुग्ण ३६ वर्षांचा शिक्षक होता. बिलरोथ यांचे सहायक कार्ल गुसेनबाउर यांनी त्याच्यासाठी धातूचे कृत्रिम स्वरयंत्र तयार केले. त्याची एक नळी श्वासनलिकेत व दुसरी घशात जात असे, आणि त्यात बसवलेली धातूची पट्टी श्वासाच्या झोताने बाजाच्या पेटीतील पट्टीप्रमाणे थरथरत असे. रुग्ण बोलू लागला; त्याचा आवाज एकसुरी असला तरी समजण्याजोगा होता. मात्र पुढच्याच वर्षी रोग उलटला आणि तो दगावला.

या यंत्राची खरी अडचण आवाजाची नव्हती. घसा आणि श्वासनलिका यांच्यातील वाट खुली ठेवली की त्या वाटेने हवा वर जाते, तशीच लाळ आणि अन्न खाली उतरते. सुरुवातीच्या काळात अनेक रुग्ण कर्करोगापेक्षा फुप्फुसातील जंतुसंसर्गाने गेले. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी ही वाट कायमची बंद करण्याचा मार्ग धरला : श्वासनलिकेचे वरचे टोक पुढे आणून मानेच्या कातडीला शिवायचे आणि घसा स्वतंत्रपणे मिटवून घ्यायचा. मानेच्या तळाशी आज दिसते ते कायमचे छिद्र, म्हणजे स्टोमा, याच विचारातून आलेले आहे. यानंतर रुग्ण जगू लागले, पण फुप्फुसातील हवा तोंडापर्यंत पोहोचेना, त्यामुळे आवाज मात्र गेला.

पुढची सुमारे ऐंशी वर्षे या तडजोडीतच गेली. काही जण हवा अन्ननलिकेत घेऊन ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलायला शिकले. फुप्फुसात काही लिटर हवा मावते. अन्ननलिकेत या कामासाठी साधारण साठ ते ऐंशी मिलिलिटरच मिळते, त्यामुळे वाक्य दोन-चार शब्दांवर तुटते, आणि बऱ्याच जणांना महिनोन्‌महिने सराव करूनही ते साधत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मानेला लावायचे विजेरीवरचे यंत्र आले. ते सोपे आहे, पण त्याचा सूर यांत्रिक असतो.

दरम्यान, १९३०च्या दशकात गटमन या डॉक्टरांनी एका विलक्षण रुग्णाची नोंद केली. या माणसाने बर्फ फोडण्याचा टोच्या तापवून स्टोमातून श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीला स्वतःच भोक पाडले होते, आणि स्टोमा बोटाने बंद केला की तो बोलू शकत होता. अशी करामत कोणीही करू नये हे सांगायला नकोच. पण तिने जे दाखवले ते मोलाचे होते. घशाच्या उरलेल्या स्नायूंमधून फुप्फुसातली हवा गेली की ते स्वतःच थरथरतात आणि आवाज उमटतो. म्हणजे कृत्रिम स्वरयंत्राची गरजच नव्हती. गरज होती ती हवा एका दिशेने जाऊ देणाऱ्या आणि पाणी उलट येऊ न देणाऱ्या झडपेची. शल्यविशारदांनी त्यानंतर शरीराच्याच ऊतींपासून असे मार्ग घडवून पाहिले, पण ते एक तर बुजून जात किंवा गळत राहत.

पोलंडचे मोझोलेव्स्की यांनी १९७२ मध्ये अशी झडप वापरल्याचे प्रसिद्ध केले, परंतु जगाने ती पद्धत उचलली ती १९८० नंतर, अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील शल्यविशारद मार्क सिंगर आणि वाचा-उपचारतज्ज्ञ एरिक ब्लोम यांच्यामुळे. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या सामाईक भिंतीला लहानसे छिद्र पाडून त्यात सिलिकॉनची नळी बसवायची. नळीचे आतले टोक बदकाच्या चोचीसारखे चपटे असे. स्टोमा बोटाने बंद करून श्वास सोडला की ती चोच उघडते, गिळताना मिटते. माझ्या मते ही जोडीच या यशाचे कारण आहे : छिद्र पाडणारा आणि बोलायला शिकवणारा, दोघे एकाच टेबलाशी बसले. १९९० मध्ये नेदरलँड्समधून ‘प्रोव्हॉक्स’ ही झडप आली. ती रोज काढावी लागत नाही; दोन्ही बाजूंच्या कडांनी भिंतीत अडकून राहते, रुग्ण फक्त बारीक ब्रशने ती आतून स्वच्छ करतो.

श्वासाकडे लक्ष जाण्यास त्याहून उशीर लागला. नाक हवेला ऊब आणि ओलावा देते, धूळ अडवते. स्टोमातून मात्र हवा कोरडी, थंड आणि धुळीसकट थेट आत शिरते. परिणामी पहिल्या काही महिन्यांत खोकला, घट्ट कफ आणि स्टोमाच्या कडेला वाळलेल्या खपल्या यांनी माणूस बेजार होतो. पूर्वी गळ्यावर ओलसर रुमाल बांधत. तो उपाय आजही अगदी वाया गेलेला नाही. आता स्टोमावर फोमची लहान कॅसेट बसवतात : ती सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओलावा धरून ठेवते व पुढच्या श्वासाला परत देते. ती सतत लावली तर काही आठवड्यांत कफ कमी होतो. एक गोष्ट घरच्यांनी आणि रुग्णवाहिकेतल्यांनीही ध्यानात ठेवावी : या माणसाला प्राणवायू द्यायचा तो मानेच्या छिद्राला, नाका-तोंडाला नव्हे.

झडप कायमची नसते. समजा, झडप बसवून चौथा महिना चालू असताना एखाद्या रुग्णाला चहा पिताना ठसका लागू लागला. कारण शोधणे सोपे आहे : त्याला रंगीत पाण्याचे घोट द्यायचे आणि टॉर्चच्या उजेडात स्टोमातून पाहत राहायचे. थेंब झडपेच्या मधल्या छिद्रातून आले, तर झडप निकामी झाली आहे. बहुधा तिच्यावर कँडिडा बुरशीचा थर चढून ती नीट मिटत नसते, आणि ती बदलली की गळती थांबते. थेंब कडेने आले, तर प्रश्न निराळा आहे. शस्त्रक्रियेनंतर सुजलेल्या भिंतीसाठी आठ मिलिमीटर लांबीची झडप बसवली असेल आणि आता सूज उतरून भिंत सहा मिलिमीटर झाली असेल, तर झडप छिद्रात मागेपुढे सरकते आणि कडेने पाणी झिरपते. तशीच लांब झडप पुन्हा बसवण्यात अर्थ नसतो. मोजून आखूड बसवावी लागते. लांबी योग्य असूनही कडेने गळत असेल, तर छिद्र रुंदावले आहे का, हे डॉक्टरांनी तपासायला हवे. किरणोपचार झालेल्या रुग्णांमध्ये याची शक्यता अधिक असते.

दर काही महिन्यांनी बदलावी लागणारी ही वस्तू आपल्याकडे परदेशातून येई आणि तिची किंमत हजारोंमध्ये असे. त्यामुळे गळणारी झडप तशीच ठेवून ठसके सोसणारे रुग्ण कमी नव्हते. बंगळूरूचे डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ ही सुमारे पन्नास रुपयांत होणारी झडप विकसित केली, तेव्हा किमतीचा अडसर दूर होण्याची शक्यता दिसली. दुसरा अडसर राहतोच : झडप बदलणारा प्रशिक्षित माणूस मोठ्या शहरातच असतो, आणि झडप अचानक निघून आली तर भिंतीतले तिचे छिद्र काही तासांत आवळू लागते. म्हणून रुग्णाच्या घरी योग्य मापाचा रबरी कॅथेटर ठेवून, तो छिद्रात कसा सरकवायचा आणि चिकटपट्टीने मानेवर कसा पक्का करायचा, हे रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वीच शिकवतात. मात्र निघालेली झडप सापडत नसेल, तर ती श्वासनलिकेत तर गेली नाही ना, याची खात्री करण्यासाठी लगेच रुग्णालय गाठावे लागते.