वाळवीचे मीलन-उड्डाण

वळवाचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला, की वारुळांतून पंखवाल्या वाळवीचे थवेच्या थवे बाहेर पडतात. यालाच मीलन-उड्डाण म्हणतात. 'मरायच्या वेळी मुंगीला पंख फुटतात' ही म्हण ओठांवर असल्यामुळे पुष्कळ जण या किड्यांना मुंग्याच समजतात. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात. वाळवीला तशी कंबर नसते आणि तिचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात. नाते पाहिले तर वाळवी मुंगीपेक्षा झुरळाला जवळची.

हे पंखवाले नर-मादी पावसाआधीच तयार होऊन वारुळात थांबलेले असतात. माती भिजली आणि हवा दमट, स्तब्ध झाली की कामकरी वाळवी आतून माती कोरून अरुंद फटी उघडते. शिपाई फटींच्या कडेला उभे राहतात आणि मग पंखवाले एकमेकांना ढकलत बाहेर येतात. त्यांना फार दूर उडता येत नाही. कोतवाल त्यांना हवेतच टिपतो. खाली बेडूक आणि दिव्याजवळ पाली वाट पाहत असतात. यातून फार थोडी वाचतात.

अंगणात उतरलेली एक मादी नीट पाहावी. पंखांच्या बुडाशी एक कमकुवत रेघ असते. अंगाला थोडा हिसका देताच पंख तिथून तुटतात. मग पोट उंचावून ती गंध सोडते. नर येतो, मिशांनी तिला चाचपतो आणि तिच्या मागोमाग धावू लागतो. दोघे मऊ, ओली माती शोधतात, बीळ खणतात आणि तोंड आतून बुजवून घेतात. कोरड्या, कठीण जमिनीत हे जमत नाही. पावसाची वाट पाहिली जाते ती यासाठीच. निकामी झालेले पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी यांवर पहिली पिल्ले पोसली जातात. मधमाशीचा नर मीलनानंतर लगेच मरतो, वाळवीचा राजा मात्र राणीसोबत राहतो.

आपल्याकडे उंच वारुळे बांधणारी 'ओडोंटोटर्मिस' वाळवी आत बुरशीची शेती करते. नव्या जोडप्याजवळ सहसा ही बुरशी नसते. पुढे पावसाळ्यात जुन्या वारुळांवर त्याच बुरशीच्या अळंब्या उगवतात आणि नव्या घरातली पहिली कामकरी वाळवी बाहेरून तिचे बीजाणू आणते. गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी 'रोयणीची अळमी' ती हीच.

दिव्याभोवती जमलेली पाखरे बहुधा बाहेरून आलेली असतात. दिवा मालवला की ती पांगतात, आणि फरशीवर उतरलेली जोडपी ओल्या मातीअभावी मरतात. पण भिंतीच्या चिरेतून किंवा चौकटीच्या सांध्यातून ती बाहेर पडताना दिसली, तर वाळवीची वसाहत घरात किंवा पायाखाली आहे असे समजावे.