मोसुलची सीमा आणि जमिनीखालचे तेल

तुर्कस्तान आणि इराक यांच्यामधील सीमेचा निवाडा राष्ट्रसंघाने डिसेंबर 1925 मध्ये केला, तेव्हा वादातल्या मोसुल प्रांतात व्यापारी प्रमाणावर तेल देणारी एकही विहीर नव्हती. तरीही तेथे तेल असल्याचा अंदाज सर्वांनाच होता, कारण किरकुकजवळ बाबा गुरगुर येथे जमिनीच्या भेगांतून झिरपणारा वायू शतकानुशतके जळत होता. खालच्या चुनखडीच्या थरांत साठलेले तेल आणि वायू वरच्या अभेद्य थराखाली अडकून राहतात आणि तो थर जिथे भेगाळतो तिथून वर येतात. अशा ज्वाला म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञाला मिळालेली खूणच.

या खुणेला राजकीय किंमत आली ती प्रथम नौदलामुळे. एक किलो तेल जाळल्यावर चांगल्या कोळशाच्या जवळजवळ दीडपट उष्णता मिळते. शिवाय ते नळीतून भट्टीत जाते, त्यामुळे कोळसा ओढणाऱ्या खलाशांची मोठी फौज लागत नाही आणि जहाज बंदरात न येता समुद्रातच इंधन भरून घेऊ शकते. म्हणूनच ब्रिटनने 1912 मध्ये केवळ तेलावर चालणाऱ्या ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गातील युद्धनौका बांधायला घेतल्या. अडचण एवढीच होती की कोळसा वेल्समध्ये मुबलक होता, तर तेल हजारो मैल दूर. इराणमध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे 1908 मध्ये तेल सापडले होते आणि ते नळवाटेने आबादानच्या शुद्धीकरण कारखान्यात येत असे. ते काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेण्यास ब्रिटिश संसदेने जून 1914 मध्ये, महायुद्ध पेटण्याच्या काही आठवडे आधी, मंजुरी दिली.

पुढच्या घटना आपल्या किनाऱ्यापासून सुरू होतात. आबादान आणि तेथील नळवाट यांचे रक्षण हे एक प्रमुख कारण धरून सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ऑक्टोबर 1914 मध्ये मुंबईहून निघाली. तिच्यात 117वी मराठा पलटण होती. नोव्हेंबर संपण्याआधी बसरा हाती आले. रक्षणाचे काम तिथेच पुरे झाले असते, पण सैन्य बगदादच्या दिशेने पुढे रेटले गेले आणि एप्रिल 1916 मध्ये कुत येथे ही डिव्हिजन तुर्की सैन्याला शरण गेली. कैदेत गेलेल्यांत मराठा शिपाईही होते आणि त्यांतले अनेकजण परतले नाहीत. तेलाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच येतो, हे मला खटकते.

दरम्यान युरोपच्या रणभूमीवर मोटारींनी आपली ताकद दाखवली होती. व्हर्दूनला 1916 मध्ये वेढल्यासारखी स्थिती असताना बार-ल-द्युकपासूनच्या एकाच रस्त्यावर ट्रकची अखंड रांग दारूगोळा आणि सैनिक पोहोचवत राहिली. डिसेंबर 1917 मध्ये फ्रान्सचा पेट्रोलसाठा इतका आटला की पंतप्रधान क्लेमान्सो यांना अमेरिकेच्या अध्यक्षांकडे तेलवाहू जहाजांसाठी तातडीने याचना करावी लागली. मोसुलविषयी फ्रान्स नंतर इतका आग्रही का राहिला, हे या टंचाईवरून कळते.

ब्रिटिश मंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी यांनी 1918 च्या उन्हाळ्यात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, तेलावरील ताबा हे युद्धाचे पहिल्या दर्जाचे उद्दिष्ट मानावे, असा आग्रह धरला. तुर्कस्तानशी झालेला मुद्रोसचा युद्धविराम 31 ऑक्टोबरला अमलात आला, आणि ब्रिटिश सैन्य मोसुल शहरात शिरले ते त्यानंतर. तुर्कस्तानचा आक्षेप नेमका याच मुद्द्यावर होता. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या 1916 च्या गुप्त करारात हा भाग फ्रान्सच्या वाट्याला होता. तो क्लेमान्सो यांनी ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना डिसेंबर 1918 मध्ये सोडून दिला. बदल्यात 1920 च्या सान रेमो करारात, मेसोपोटेमियाच्या तेलावर हक्क सांगणाऱ्या टर्किश पेट्रोलियम कंपनीतील जर्मन बँकेचा जप्त केलेला सुमारे चौथा हिस्सा फ्रान्सला मिळाला.

मात्र सगळे तेलावरच ठरले, असे म्हणणे चूक ठरेल. बगदादच्या संरक्षणासाठी उत्तरेचे डोंगर हवेत, हा ब्रिटनचा लष्करी युक्तिवाद खरा होता. राष्ट्रसंघाच्या तीन सदस्यांच्या आयोगाने 1925 मध्ये गावोगाव फिरून लोकमत आजमावले आणि अहवालात नोंदवले की, केवळ वंशाचा विचार केला तर स्वतंत्र कुर्द राज्यच उभारावे लागेल. तरीही शिफारस झाली ती प्रांत इराकला जोडण्याची. तुर्कस्तानने 1926 च्या करारात ती सीमा मान्य केली आणि तेलावर इराकला मिळणाऱ्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा 25 वर्षांसाठी घेतला.

बाबा गुरगुरची विहीर ऑक्टोबर 1927 मध्ये फुटली आणि तिचा लोंढा आवरायला सुमारे दहा दिवस लागले. आता प्रश्न हे तेल भूमध्य समुद्रापर्यंत नेण्याचा होता, आणि एका नळवाटेवर ब्रिटन-फ्रान्स यांचे एकमत होईना. म्हणून 1934 मध्ये हदिथाजवळ तिच्या दोन शाखा झाल्या: एक फ्रेंच ताब्यातील सीरियामार्गे लेबनॉनमधील त्रिपोलीला, दुसरी ब्रिटिश ताब्यातील ट्रान्सजॉर्डन आणि पॅलेस्टाइनमार्गे हैफाला. पहिल्या अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी, 1948 मध्ये, इराकने हैफाकडे जाणारे तेल बंद केले.