अंतरिम पोटगी आणि उत्पन्नाचं अ‍ॅफिडेव्हिट: आमच्या अशिलांसाठी

आमच्या ठाण्याच्या ऑफिसात घटस्फोटाची केस घेऊन येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत विचारतात, 'पोटगी किती लागेल?' किंवा 'किती मिळेल?' त्यावर आम्ही आधी बँक स्टेटमेंट मागतो, आणि कितीतरी जणांना ते आवडत नाही. पण अंतरिम पोटगीचा आकडा बराचसा तिथूनच निघतो.

अंतरिम म्हणजे केस चालू असेपर्यंतची. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली नवरा किंवा बायको, ज्याच्याकडे पुरेसं स्वतःचं उत्पन्न नाही तो ही पोटगी आणि केसचा खर्च मागू शकतो. या टप्प्यावर साक्षी-पुरावे, उलटतपासणी असं काही पूर्ण झालेलं नसतं, कोर्ट समोरच्या कागदांवरून अंदाज बांधतं. म्हणून ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालात सुप्रीम कोर्टाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं अ‍ॅफिडेव्हिट ठरलेल्या नमुन्यात देणं बंधनकारक केलं. दोघांनाही, हे नीट लक्षात घ्या, फक्त नवऱ्याला नाही.

आता एक उदाहरण घेऊ, हे आम्ही समजावण्यापुरतं रचलंय. नवरा ऐरोलीत आयटी कंपनीत, पगार महिना १,१०,००० रुपये. त्यातून पीएफ ६,६००, प्रोफेशनल टॅक्स २००, इन्कम टॅक्स ७,२०० कापून हातात येतात ९६,०००. मग घोडबंदर रोडच्या फ्लॅटचा हप्ता ३४,०००, पर्सनल लोनचा १५,००० आणि पतपेढीचे ७,००० गेले की उरतात ४०,०००. तो म्हणतो, 'वकील साहेब, माझं उत्पन्न चाळीसच लिहा.'

नाही लिहिता येत. टॅक्स आणि सक्तीचा पीएफ ह्या कपाती आपल्या हातात नसतात म्हणून कोर्ट त्या वजा करतं, पण स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते सहसा तसे वजा होत नाहीत, त्यामुळे हिशोब ९६,००० पासूनच सुरू होतो. आणि प्रत्येक कर्ज सारखंच नसतं. घराच्या हप्त्यातून त्याच्या नावावर मालमत्ता तयार होतेय, पण त्याच फ्लॅटमध्ये बायको-मुलगी राहत असतील तर कोर्ट त्या हप्त्याचा थोडाफार विचार करू शकतं. पर्सनल लोन मात्र बायको माहेरी गेल्यावर दोन महिन्यांनी घेतलेलं असेल तर पहिला प्रश्न येणार, पैसे गेले कुठे? अ‍ॅफिडेव्हिटच्या नमुन्यात कर्जाची तारीख आणि रक्कमही लिहावी लागते, त्यामुळे हे झाकून राहत नाही. खरंच वडिलांच्या ऑपरेशनसाठी घेतलं असेल तर हॉस्पिटलची बिलं जोडा, मग त्याच कर्जाला वजन येतं.

आता बायकोची बाजू. तिने लिहिलं 'उत्पन्न शून्य', पण कळव्याला ती घरी ट्युशन घेते आणि दर महिन्याला पालकांचे बारा हजार यूपीआयवर जमा होतात. हे लपवायची खरंतर काहीच गरज नव्हती! थोडं कमावते म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही, कोर्ट बघतं की तेवढ्यात ती लग्नातल्या राहणीमानाने भागवू शकते का, मुलीची फी, भाडं, औषधं धरून. पण शून्य लिहून बारा हजार सापडले की तिच्या खऱ्या खर्चाच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो, आणि आम्हाला याचंच जास्त वाईट वाटतं.

मग रक्कम किती? २०१७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली होती, त्या मापाने वरच्या उदाहरणात २४,००० येतात. पण तो काही पक्का फॉर्म्युला नाही, मुलीचा खर्च, त्याचे अवलंबून असलेले आईवडील, तिचे बारा हजार, सगळं धरून आकडा वरखाली होतो, त्यामुळे आम्ही कुणालाच आधी आकड्याची गॅरंटी देत नाही.

धंदा असेल तर गोष्ट वेगळी. रिटर्नमध्ये वर्षाचे चार लाख आणि कार्डाचं बिल, गाडीचा हप्ता, शाळेची फी मिळून महिन्याला साठ हजार खर्च, असं दिसलं की कोर्ट रिटर्न बाजूला ठेवून राहणीमानावरून उत्पन्नाचा अंदाज धरू शकतं, आणि तो अंदाज तुमच्या सोयीचा असेलच असं नाही.

म्हणून आमच्याकडे येताना सॅलरी स्लिप, फॉर्म १६, रिटर्न आणि सगळ्या खात्यांची स्टेटमेंट आणा, आईबरोबरचं जॉइंट खातं, एफडी, शेअर, गावच्या जमिनीतला हिस्सा, दागिने, आणि लग्नानंतर विकलेली किंवा कुणाच्या नावे केलेली मालमत्तासुद्धा सांगा. दुसऱ्या कोर्टात आधीच पोटगी चालू असेल तर तेही, कारण ती रक्कम इथे धरली जाते. खोटं अ‍ॅफिडेव्हिट दिलं तर फौजदारी कारवाई होऊ शकते.

पोटगी साधारण अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे तारखा लांबवल्या तर थकबाकी साठत जाते. आणि अ‍ॅफिडेव्हिट दिल्यावर नोकरी गेली, पगार वाढला किंवा तिला नोकरी लागली तर लगेच आम्हाला फोन करा, नवीन माहितीचं सुधारित अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं.